मान सरळ

न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की माणसाचं डोकं त्याचं राहत नाही. साहेब असो, हमाल असो, कपाळावर दोन बोटं आणि कानामागे अंगठा टेकला की मान जागेवर आलीच पाहिजे. या न्हाव्याच्या बोटांत तर अशी करामत होती की गिऱ्हाइकाला काही कळायच्या आत मान सरळ झालेली असायची. एकदा एका वकिलानं आरशात बघत विचारलं, "अहो, मी वळलो की तुम्ही वळवलंत?" दुकानात हशा पिकला. न्हावी गालातल्या गालात हसला आणि कात्री चालवत राहिला. आपल्या बोटांचा त्याला भारी अभिमान होता.

घरी गेला तरी ती बोटं काही स्वस्थ बसायची नाहीत. त्याला एकच मुलगी, ठकू. नऊ वर्षांची, चुणचुणीत, आईच्या भाषेत "जिभेला हाड नसलेली". जन्मल्यापासून तिची बुबुळं हलायची. डावी-उजवी, डावी-उजवी, क्षणाचीही उसंत नाही. डॉक्टरांनी तिच्या लहानपणीच सगळ्या तपासण्या केल्या होत्या आणि या प्रकाराला निस्टॅग्मस म्हणतात, असं सांगितलं होतं. मेंदूत काही वाईट नाही, जीवाला धोका नाही, पण नजर थोडी अधू राहील, चष्मा लागेल. न्हाव्यानं त्यातलं "धोका नाही" तेवढं ऐकलं आणि बाकीचं सोडून दिलं.

बुबुळांवर त्याचं काही चालत नव्हतं. पण ठकूला आणखी एक खोड होती. काही बघायचं असलं की ती तोंड डावीकडे फिरवायची आणि डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून तिरकं बघायची. मान वाकडी, डोळे हलते. गल्लीतल्या पोरांना एवढं पुरे होतं. त्यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. डोळे आपल्या हातात नसले तरी मान आहे ना, असं न्हाव्याला वाटलं. जेवताना, अभ्यास करताना, त्याच्याशी बोलताना, ठकूचं तोंड वळायला लागलं की दोन बोटं कपाळावर आणि अंगठा कानामागे. "मान सरळ." मारलं कधीच नाही. उलट इतक्या मऊ हातानं करायचा की बघणाऱ्याला लाड वाटावेत. पुस्तक नाकाशी धरलं की तेही तो हळूच मागे ओढायचा.

आणि पोरगी सुधारली! दोन वर्षांत बोट लावायचीही गरज उरली नाही. न्हावी नुसता खोलीत आला की ठकूची मान आपोआप सरळ व्हायची, हनुवटी वर, पाठ ताठ. गिऱ्हाइकांना तो कौतुकानं सांगायचा, "अर्धं काम मी केलं. उरलेलं अर्धं डॉक्टर करतील."

ते उरलेलं अर्धं करायला आज ती तिघं सरकारी इस्पितळाच्या डोळ्यांच्या विभागात आली होती. चष्मा होताच. पण कॉन्टॅक्ट लेन्स घातली की डोळे थांबतात, असं कुणीतरी खुर्चीत बसून न्हाव्याला सांगितलं होतं, आणि खुर्चीत ऐकलेली गोष्ट त्याला नेहमीच खरी वाटायची. त्यानं ठकूला शब्द देऊन टाकला होता. "लेन्स बसली की डोळे एकदम गप्प. मग बघतो कोण भिंगरी म्हणतं ते."

ठकूनं विचारलं होतं, "नाही थांबले तर?"

"थांबणारच," तो म्हणाला होता.

नंबर तपासणाऱ्या बाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाजाला जरा खरखरीत होत्या. खोली लांबोडकी होती. एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाच्या चौकटीत आकड्यांचा तक्ता, वर मोठे, खाली बारीक होत गेलेले. ठकू चष्मा लावून खुर्चीत बसली. न्हावी तिच्या शेजारी उभा राहिला, आई दाराजवळच्या बाकावर बसली.

"दोन्ही डोळे उघडे ठेव. वाच बघू," बाई म्हणाल्या.

"एक डोळा झाकायचा ना?" न्हाव्यानं विचारलं.

"हिचा नाही झाकायचा. एक झाकला की या मुलांचे डोळे जास्तच पळतात. एकेक डोळा बघायचा असला की मी दुसऱ्यासमोर धूसर काच ठेवते." बाईंनी ठकूकडे बघून मान हलवली. "हं, वाच."

ठकूनं मान सरळ केली आणि घडाघडा आकडे म्हटले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, थेट खालून तिसऱ्या ओळीपर्यंत, कुठे अडखळली नाही. न्हाव्याची छाती फुगली. बाई मात्र तक्त्याकडे न बघता ठकूकडे बघत होत्या. तिची बुबुळं नुसती सैरावैरा धावत होती.

बाई उठल्या, तक्ता काढला आणि दुसरा लावला. "आता हा वाच."

ठकूनं वरचा एक आकडा सांगितला. मग दुसऱ्या ओळीत थांबली. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"वाच ना," न्हावी म्हणाला. "मघाशी तर सगळं आलं! मान सरळ ठेव, मान सरळ."

तिची मान आधीच सरळ होती. ती आणखी ताठ झाली. डोळे आणखी पळायला लागले. पुढचा एकही आकडा तिला सांगता येईना.

"जुना तक्ता हिला पाठ आहे," बाई म्हणाल्या.

न्हावी वरमला. मग खरं ते सांगून मोकळा झाला. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्यानं मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढला होता, मोठा छापून आणला होता आणि दुकानात आरशाशेजारी लावला होता. रोज संध्याकाळी सराव. परीक्षेची तयारी करून घ्यावी तशी त्यानं करून घेतली होती. "नजरेला व्यायाम होईल म्हटलं," तो म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, नंबर मी उजेडाची पट्टी डोळ्यात फिरवून काढते, तिथं पाठांतर चालत नाही. म्हणून चष्मा बरोबर आहे. पण दिसतं किती, ते मूल सांगेल तेच आम्ही कागदावर लिहितो. दोन वर्षं आम्ही लिहीत आलो की हिला पुष्कळ दिसतं. शाळेत बसवलंय कुठं हिला?"

"मागच्या बाकावर," आई म्हणाली. "उंच आहे म्हणून. मी पुढे बसवा म्हणून गेले होते. त्यांनी तुमचाच कागद दाखवला."

ठकू खुर्चीत तशीच ताठ बसली होती.

"तुम्ही जरा बाहेर थांबता?" बाई न्हाव्याला म्हणाल्या. "एकटेच. आई राहू देत."

"मी गप्प बसतो."

"गप्प बसूनही चालणार नाही. बाहेरच थांबा."

न्हावी बाहेर गेला, पण दार पुरतं लावलं नाही. फटीतून ठकूची खुर्ची दिसत होती. त्याला राग आला होता, बाईंचा, पोरीचा आणि थोडा स्वतःचाही. बापाला बाहेर काढणारी ही कोण टिकोजीराव?

आत बाई म्हणाल्या, "हे बघ, इथं पास-नापास काही नाही. तुला जसं बसून बरं दिसतं तशी बस. मान कशीही ठेव."

"कशीही?"

"उलटी टांगून घेतलीस तर मात्र खुर्ची मोडेल."

ठकू फिसकन हसली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग सावकाश, चोरी करावी तसं, तोंड डावीकडे फिरवलं. बुबुळं उजव्या कोपऱ्यात सरकली. आणि न्हाव्यानं फटीतून पाहिलं, ती जवळजवळ थांबली. अगदी बारीक थरथर तेवढी उरली. नऊ वर्षं ज्यासाठी तो झुरत होता ते त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं, आणि तेही लेन्सशिवाय. आनंदानं त्याचा हात दारावर गेला.

ठकू वाचायला लागली. दुसरी ओळ. तिसरी. चौथी, जरा थांबत, पण बरोबर. पाचवीतले दोन आकडे.

"छान," बाई म्हणाल्या. "मग मघाशी अशी का नाही बसलीस?"

"बाबा होते ना," ठकू म्हणाली. "बाबांना सांगू नका हं, मी वाकडं वाचलं ते."

न्हाव्याचा हात दारावरच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला. मघाचा राग आता कुणावर काढावा हे त्याला कळेना.

त्याला आत बोलावलं तेव्हा ठकूची मान पुन्हा सरळ झालेली होती. बाईंनी ते पाहिलं, पण त्या तिला काही बोलल्या नाहीत. न्हाव्याला समोर बसवून त्यांनी नीट समजावलं.

"अशा बहुतेक मुलांचा एक शांत कोपरा असतो. डोळे त्या बाजूला नेले की थरथर सगळ्यात कमी होते, आणि जास्त दिसतं. हिचा कोपरा उजवीकडे आहे. समोरचं दिसायला हवं आणि डोळे तर उजवीकडे न्यायचेत, मग तोंड डावीकडे फिरवावं लागतं. ती खोड नाही. ती तिची बघायची रीत आहे. पुस्तक जवळ धरते तेही त्याचसाठी. जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळतात, तेव्हाही पुष्कळांची थरथर कमी होते."

"आणि सरळ मानेनं?"

"सरळ मानेनं डोळे सगळ्यात जास्त पळतात. त्यात कुणी रागावेल अशी धास्ती असली, दमणूक असली, की आणखी."

न्हाव्यानं घसा साफ केला. "तिला सगळं हलताना दिसत असेल..."

"तिलाच विचारा."

"मला?" ठकू म्हणाली. "नाही. काही हलत नाही. तुम्हीच म्हणता हलतं म्हणून."

"जन्मापासून असलं की मेंदू सांभाळून घेतो," बाई म्हणाल्या. "तिला जग स्थिर दिसतं. फक्त बारीक दिसत नाही, आणि एखादी गोष्ट हुडकायला वेळ लागतो."

मग लेन्सचा विषय निघाला. न्हावी पुढे सरकून बसला. बाईंनी हातातला चष्मा त्याच्यासमोर धरला. काच नाकावर एका जागी राहते, डोळा मात्र तिच्यामागे पळत असतो. क्षणात काचेच्या मध्यातून बघतो, क्षणात कडेतून. त्यात ठकू कोपऱ्यातून बघणारी, म्हणजे कडेवरच मुक्काम. कडेतून दिसतं ते ओढल्यासारखं. लेन्स बुबुळावर बसते आणि त्याच्याबरोबर फिरते, म्हणून डोळा जाईल तिथं तिचा मध्य असतो. काही मुलांचे डोळे लेन्सनं थोडे शांत होतात, सगळ्यांचे होत नाहीत, आणि कुणाचे होतील ते आधी सांगता येत नाही.

"थोडे म्हणजे?"

"तक्त्यावरची एखादी ओळ. फार तर दोन. कधी ओळ तीच, पण वाचायला कमी त्रास. डोळे थांबत नाहीत. लेन्सनं नाही, चष्म्यानं नाही. मान फार वळत असेल तर चष्म्यात प्रिझम घालता येतो, त्यानं चित्र शांत कोपऱ्याकडे सरकतं आणि मान कमी वळवावी लागते. शस्त्रक्रियाही आहे, तीही साधारण तेवढंच करते. डोळे थांबवून देतो असं कुणी सांगितलं तर त्याच्या दारात उभं राहू नका."

"मी हिला शब्द दिलाय," न्हावी म्हणाला.

लेन्स त्याच दिवशी घालून बघितली. ठकूनं दोनदा डोळा मिटून लेन्स बाहेर ढकलली, तिसऱ्यांदा बसली. ती डोळ्यावर स्थिरावायला अर्धा तास जावा लागतो, म्हणून तिघं बाहेरच्या बाकावर बसली. ठकू डोळे पुसत होती, आई तिचा हात धरून होती. न्हावी एकटक मुलीच्या डोळ्यांकडे बघत होता. बुबुळं हलत होती. डावी-उजवी, डावी-उजवी.

"थांबले का, बाबा?" ठकूनं विचारलं.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याला कधी नव्हे एवढी इच्छा झाली.

"नाही," तो म्हणाला.

"हं," ठकू म्हणाली, आणि नाक ओढलं.

तपासणी झाली तेव्हा न्हावी आपणहून बाहेर राहिला. पाचवी ओळ पूर्ण आली, सहावीतला एक आकडा. चष्म्यापेक्षा जेमतेम एक ओळ जास्त. बाईंच्या मते हे चांगलं होतं. लेन्स घालायच्या ठरल्या. रोज घालायच्या-काढायच्या, हात धुऊन कोरडे करून, नळाचं पाणी कधीच लावायचं नाही, घालून झोपायचं नाही, डोळा लाल झाला की काढून थेट इस्पितळात. शाळेसाठी बाईंनी नवा कागद दिला. बाक पुढचा आणि वर्गाच्या डाव्या बाजूचा, म्हणजे फळा उजवीकडे येईल, छपाई मोठी, वाचायला जास्त वेळ. आणि मानेला कुणी हात लावायचा नाही.

घरी आल्यावर बायको बोलली, तेही भांडी लावता लावता, पाठमोरी. "माझ्याशी ती वाकडीच बोलते. पहिल्यापासून. तुमची पायरी वाजली की सरळ होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इतके खूश होता. मला वाटलं, तुमच्यासमोर थोडा वेळ सरळ राहिली तर काय बिघडतं." तिनं पातेलं जोरात आपटलं. "मीपण तुमच्याएवढीच शहाणी."

न्हाव्यानं दुकानातला तक्ता काढून टाकला. त्या दिवसापासून त्यानं ठकूच्या कपाळाला हात लावला नाही. तिला समोर बसवून सांगितलं, "तुला हवी तशी मान धर. मी चुकलो. मी काहीही म्हणणार नाही." ठकू "बरं" म्हणाली. मान सरळ ठेवून म्हणाली.

त्याला वाटलं, होईल हळूहळू. लेन्सची सवय झाली. आई रोज सकाळी खिडकीपाशी बसवून घालायची, आणि दोघींचं त्यात काहीतरी खिदळणं चालायचं. वर्गात बाक बदलला. पोरांनी भिंगरी म्हणायचं सोडलं नाही. डोळे हलतच होते, मग का सोडतील? पण फळ्यावरचं आता वहीत उतरत होतं. एकदा तो शाळेत डबा द्यायला गेला, तर खिडकीतून ठकू दिसली. तोंड डावीकडे, डोळे शांत, जीभ बाहेर काढून लिहीत होती. इतकी निवांत त्यानं तिला कधीच पाहिली नव्हती. त्यानं डबा शिपायाकडे दिला आणि तिला न भेटता परत फिरला, कारण आपण आत गेलो की काय होईल ते त्याला माहीत होतं.

आता त्याला डोळे वाचता यायला लागले होते, हीच त्याची शिक्षा झाली. आधी ती थरथर त्याला नुसती वैरी वाटायची. आता ती वाढली की त्याला कळायचं, पोरीला नीट दिसत नाहीये. आणि त्याच्याशी बोलताना ती रोज वाढलेली असायची. पोरीनं बापाचा चेहरा नीट असा कधी पाहिला असेल का, हा विचार दाढी करताना त्याच्या मनात यायचा आणि हात थांबायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही."

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना तो ठकूला घेऊन तिथं गेला. तिला मधल्या स्टुलावर बसवलं. लेन्स घातलेल्या होत्या, खिडकीतून भरपूर उजेड येत होता. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"ठकू, मी कसा दिसतो गं?"

"छान." मान सरळ, हनुवटी वर, बुबुळं धावत.

"तसं नको. वाकडी हो. आईकडे बघतेस तशी बघ."

ठकूनं मान वळवायला सुरुवात केली. थोडी वळली, आणि परत आली. तिनं पुन्हा एकदा केलं. पुन्हा परत आली. "होत नाही, बाबा," ती ओशाळून म्हणाली. "तुम्ही असलात की आपोआप सरळ होते."

"राहू दे. राहू दे," तो घाईनं म्हणाला. मग त्याला सुचलं. बाईंनी फळ्याचं केलं होतं तसंच करायचं. तिची मान सरळच राहू दे, आपण जागा सोडायची. तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभं राहायचं, म्हणजे तिला नुसते डोळे तिकडे न्यावे लागतील. शांत कोपऱ्यात बापच उभा असेल. ही युक्ती इतकी सोपी होती की त्याला हसूच आलं.

तो हळूच चालत तिच्या उजवीकडे गेला. "हं. हलू नकोस. नुसते डोळे फिरव आणि माझ्याकडे बघ."

ठकूचं अख्खं तोंड वळलं. बरोबर त्याच्या समोर आलं, हनुवटी वर, मान सरळ. बुबुळं जोरात धावायला लागली.

तो आणखी उजवीकडे सरकला. तीही स्टुलावर वळली. तिची पाठ आधी जिकडे होती तिथं जाईपर्यंत तो सरकत राहिला, आणि ती त्याच्याबरोबर फिरत राहिली, चेहरा नेमका त्याच्या चेहऱ्यासमोर धरून, कुठेही तसूभर न चुकता. शेवटी तो थांबला.

"दिसता ना, बाबा," ती घाबरून म्हणाली. "खरंच. अगदी स्पष्ट दिसता."